सौर पॅनेल आणि बॅटरीवर इंडक्शन शेगडी : दुपारच्या भाराचा हिशेब

इंडक्शन शेगडी सौर यंत्रणेवर चालवायची म्हटले की पहिला प्रश्न बहुधा असा येतो की त्यासाठी किती पॅनेल लागतील. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. स्वयंपाकाला दिवसभरात लागणारी वीज आपल्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते. अडचण होते ती ती वीज एकदम, थोड्या वेळात आणि मोठ्या प्रवाहाने मागितली जाते म्हणून. फ्रिज, पंखे आणि दिवे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालवणारी यंत्रणा शेगडी लावताच बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा बॅटरीत वीज शिल्लक असते. ती त्या वेगाने बाहेर काढण्याची ताकद यंत्रणेत नसते. म्हणून येथे आधी वॅटचा, मग अँपिअरचा आणि शेवटी युनिटचा हिशेब मांडला आहे. उदाहरणासाठी चार माणसांचे एक घर घेऊ, ज्यात २००० वॅटची एकाच चुलीची शेगडी, २४ व्होल्टची बॅटरी आणि २ किलोवॅटची पॅनेल आहेत.

पायरी १ : आपला स्वयंपाक मोजून घ्या

शेगडीवर छापलेला २००० वॅटचा आकडा तिचा कमाल वेग सांगतो, तुमचा वापर सांगत नाही. वापर कळण्यासाठी प्लगमध्ये बसणारा ऊर्जामीटर घ्यावा, शेगडी आठवडाभर नेहमीच्या विजेवर किंवा ओळखीच्या घरी चालवावी आणि प्रत्येक वेळचे वॅट-तास वहीत लिहून ठेवावेत. एक हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट.

मोजण्याची सोय नसेल तर पाण्यावरून अंदाज बांधता येतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यासाठी साधारण ८७ वॅट-तास उष्णता लागते. इंडक्शन शेगडीने घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के भांड्यात पोहोचते असे धरले, तर शेगडीला १०३ वॅट-तास घ्यावे लागतात. उकळी आल्यानंतर मात्र हिशेब बदलतो, कारण पाण्याची वाफ करण्यासाठी ते उकळण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. उघड्या भांड्यातून पाव लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर त्यात साधारण १५७ वॅट-तास खर्च होतात, म्हणजे दीड लिटर पाणी उकळण्याहूनही जास्त. घट्ट झाकण किंवा प्रेशर कुकर यांतून जितकी बचत होते, तितकी पॅनेल वाढवूनही क्वचितच स्वस्तात साधते.

आपल्या उदाहरणातील घराची दुपारची नोंद अशी आहे. कुकर पूर्ण वेगावर ८ मिनिटे चालला, त्यात २६७ वॅट-तास गेले. नंतर मंद आचेवर २५ मिनिटे सरासरी ३०० वॅटने १२५ वॅट-तास गेले. दुसरे भांडे १२०० वॅटवर १५ मिनिटे होते, त्याचे ३०० झाले. तिसरे १००० वॅटवर १५ मिनिटे, त्याचे २५०. एकूण सुमारे तासाभरात ९४० वॅट-तास, म्हणजे एक युनिटही नाही. सकाळचे ५०० आणि संध्याकाळचे ७०० धरले, तरी दिवसाचा आकडा सव्वादोन युनिटांच्या आतच राहतो.

पायरी २ : उपकरणे मोठी करण्याआधी शेगडीचा वेग कमी करा

माझ्या मते सगळ्या हिशेबात हीच पायरी सर्वात मोलाची आहे आणि ती फुकटही आहे. दोन लिटर पाणी उकळायला शेगडीला सुमारे २०५ वॅट-तास लागतात. २००० वॅटवर हे काम सव्वासहा मिनिटांत होते आणि १२०० वॅटवर साधारण सव्वादहा मिनिटांत. चार मिनिटे जास्त थांबण्याची तयारी असेल, तर इन्व्हर्टर, बॅटरी आणि तारा यांच्यावरचा शेगडीचा भार चाळीस टक्क्यांनी उतरतो, आणि खर्च झालेली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. वेग फारच कमी केला, तर भांड्याच्या बाजूंनी हवेत जाणारी उष्णता आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च यांचा वाटा वाढू लागतो. तरीही झाकलेल्या भांड्यासाठी १००० ते १३०० वॅटची पातळी बहुतेक घरांना पुरते.

मात्र पडद्यावर दिसणारा आकडा आणि प्रत्यक्षात घेतला जाणारा भार यांत एक फसवणूक असते. अनेक साध्या शेगड्या ठरावीक मर्यादेखाली, साधारण हजार वॅटच्या आसपास, आपला वेग खरोखर कमी करू शकत नाहीत. पडद्यावर ४०० वॅट दिसत असताना शेगडी चार सेकंद १००० वॅट घेते आणि सहा सेकंद बंद राहते. सरासरी बरोबर येते, पण इन्व्हर्टरला मात्र दर दहा सेकंदांनी हजार वॅटचा धक्का बसत राहतो. म्हणून "मी मंद आचेवरच चालवतो, लहान इन्व्हर्टर पुरेल" हा तर्क टिकत नाही. सलग कमी वेगावर चालणाऱ्या शेगड्याही मिळतात आणि बॅटरीवर चालवायची असेल तर त्यांना थोडी जास्त किंमत देणे योग्य ठरते. खात्री करण्यासाठी सर्वात खालच्या पातळीवर पाणी ठेवून मीटर पाहावा : आकडा स्थिर राहिला तर शेगडी सलग चालते, वर-खाली उड्या मारू लागला तर ती चालू-बंद होते.

पायरी ३ : इन्व्हर्टरचा खरा आकडा ओळखा

इन्व्हर्टरवर बहुधा व्हीएमध्ये क्षमता छापलेली असते आणि शेगडी वॅटमध्ये मागते. ३००० व्हीएचा इन्व्हर्टर ०.८ या गुणकाने चालत असेल, तर तो सलग २४०० वॅटच देतो. काही सेकंदांसाठी तो त्याच्या दुप्पट देत असेलही. ती क्षमता फ्रिजची मोटर सुरू होताना कामी येते, स्वयंपाकात नाही. शेगडीचा भार मिनिटांनी मोजायचा असतो, त्यामुळे माहितीपत्रकातील "सलग" हाच शब्द शोधावा आणि तो कोणत्या तापमानाला दिला आहे तेही पाहावे. उन्हाळ्यात बंदिस्त कपाटात ठेवलेला इन्व्हर्टर तापला की आपली क्षमता स्वतःच खाली आणतो.

आपल्या घरात दुपारी फ्रिज, पंखे आणि इतर किरकोळ भार मिळून २५० वॅट चालू असतात. शेगडी पूर्ण वेगावर असेल तर एकूण २२५० वॅट होतात आणि २४०० वॅटचा इन्व्हर्टर अगदी काठावर येतो. नेमका त्याच क्षणी फ्रिज सुरू झाला तर तो बंद पडण्याची शक्यता खरी आहे. शेगडी १२०० वर ठेवली तर एकूण १४५० वॅट होतात आणि हाच इन्व्हर्टर निवांत चालतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा, कारण चौकोनी लहरीवर शेगडी गुणगुणते, चुकीचा संकेत दाखवून थांबते किंवा बिघडते.

पायरी ४ : बॅटरीतून किती प्रवाह जाईल

एका सूत्रात हा हिशेब मांडता येतो :

बॅटरीचा प्रवाह (अँपिअर) = भार (वॅट) ÷ (इन्व्हर्टरची कार्यक्षमता × बॅटरीचा व्होल्टेज)

इन्व्हर्टरची कार्यक्षमता ०.९ आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज २५.६ धरला, तर २२५० वॅटसाठी ९८ अँपिअर येतात आणि १४५० वॅटसाठी ६३. शंभर अँपिअर-तासांच्या अनेक बॅटऱ्यांमधील संरक्षण यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, सलग शंभर अँपिअरपर्यंतच परवानगी देते. म्हणजे पूर्ण वेगावरची शेगडी तिच्या काठावर उभी असते, तर १२०० वॅटवरची आरामात बसते. हाच भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर टाकला तर प्रवाह दुप्पट होतो आणि ४८ व्होल्टवर निम्मा. शेगडीसाठी १२ व्होल्टची यंत्रणा नव्याने उभारू नये असे मी स्पष्टच सांगेन. ती चालवता येते, पण जाड तारा आणि तापणारे सांधे यांच्या मागे आयुष्य जाते.

लेड-ॲसिड बॅटरीचे गणित आणखी कडक आहे. १५० अँपिअर-तास ही तिची क्षमता वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने, वीज काढली तर मिळते. त्याच बॅटरीतून ६७ अँपिअर, म्हणजे जवळपास नऊपट प्रवाह काढला, तर हाती येणारी क्षमता साधारण साठ टक्क्यांवर घसरते. शिवाय भाराखाली व्होल्टेज इतका दबतो की बॅटरी निम्मी भरलेली असतानाही इन्व्हर्टरला ती रिकामी वाटते आणि तो शिट्टी वाजवून बंद पडतो. शेगडी काढली की व्होल्टेज पुन्हा वर येतो, म्हणून मालकाला वाटते इन्व्हर्टरच खराब आहे. जुनी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर शेगडी फक्त भर उन्हात, कमी वेगावर आणि थोडा वेळ चालवावी.

तारांचा विचार याच ठिकाणी करायला हवा. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला अर्धा मिलिओम असतो. बॅटरी ते इन्व्हर्टर दोन मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे दोन मिलिओम. ६३ अँपिअरला व्होल्टचा जेमतेम आठवा भाग जातो. तार सहसा दगा देत नाही, सांधा देतो. सैल नटामुळे एका सांध्यात पाच मिलिओम रोध वाढला, तर तेवढ्याच जागी सुमारे २० वॅट उष्णता तयार होते. बॅटरीजवळ डीसीसाठीच बनवलेला, बॅटरीच्या शॉर्टसर्किटचा प्रवाह तोडू शकणारा फ्यूज असावा; एसीचा साधा एमसीबी त्या जागी चालत नाही. या जोडण्या जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्याव्यात.

पायरी ५ : ऊन त्या तासाला काय देते

दोन किलोवॅटची पॅनेल दुपारी दोन किलोवॅट देत नाहीत. छापील आकडा पॅनेलमधील सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो, आणि भर उन्हात सेल सहज साठ अंशांपर्यंत तापतात. दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट होते, म्हणजे तापमानातच बारा ते चौदा टक्के जातात. धूळ, उन्हाचा तिरपेपणा आणि तारा यांचा वाटा धरला की भर दुपारी १५०० वॅट हा आकडा प्रामाणिक ठरतो.

आता तो भाराशी जुळवू. शेगडी १२०० वर आणि इतर भार २५० असताना इन्व्हर्टर बॅटरीच्या बाजूने सुमारे १६१० वॅट मागतो. त्यातले १५०० ऊन देते आणि उरलेले ११० बॅटरी. म्हणजे दुपारचा स्वयंपाक जवळपास थेट उन्हावर होतो. पूर्ण वेगावर मागणी २५०० वॅट होते. तेव्हा बॅटरी हजार वॅट देते, पण तेही आठ मिनिटे, म्हणजे अवघे १३३ वॅट-तास.

हे वाचून बॅटरी लहान घ्यावी असा मोह होईल, तो टाळावा. एक ढग सूर्यावरून गेला की पॅनेलचे १५०० वॅट काही सेकंदांत तीन-चारशेवर येतात आणि उरलेला सगळा भार तत्क्षणी बॅटरीवर पडतो. म्हणून ऊर्जेचा हिशेब ऊन धरून करावा, पण बॅटरीच्या प्रवाहाचा हिशेब ऊन शून्य आहे असे समजूनच करावा. वर ६३ अँपिअरचा आकडा काढताना पॅनेल वजा केले नाहीत, ते याचसाठी.

वेळेची निवडही येथूनच ठरते. स्वच्छ दिवशी बॅटरी दुपारच्या सुमारास भरत येते आणि मग चार्ज कंट्रोलर पॅनेलकडून कमी वीज घेऊ लागतो. जी मिळाली असती ती वीज वायाच जाते. अशा वेळी शेगडी लावली तर तिची वीज कोणाच्याही वाट्यातून जात नाही. उलट सकाळी नऊला, बॅटरी रात्रभर वापरून रिकामी झालेली असताना जड स्वयंपाक केला, तर ती दिवसभर मागेच राहते. लेड-ॲसिडला हे विशेष बाधते, कारण तिला पूर्ण भरण्यासाठी शेवटचे काही तास मंद चार्जिंग लागते आणि ते रोज हुकत गेले की प्लेटांवर सल्फेट जमून क्षमता कायमची घटते.

पायरी ६ : भरवसा ठेवण्याआधी चाचणी घ्या

एका स्वच्छ दिवशी, बॅटरी किमान सत्तर टक्के भरलेली असताना, भांड्यात तीन-चार लिटर पाणी घ्या. शक्य असल्यास पॅनेलचा स्विच बंद करा, म्हणजे सगळा भार बॅटरीवर येईल. शेगडी ठरवलेल्या पातळीवर वीस मिनिटे चालवा आणि डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या तारेतील प्रवाह पाहा. तो हिशेबातील आकड्याच्या आसपास असावा. फारच कमी दिसला तर भांडे तपासा : ज्याच्या तळाला चुंबक घट्ट चिकटत नाही किंवा ज्याचा तळ चुलीच्या वर्तुळापेक्षा बराच लहान आहे, त्याला शेगडी पूर्ण वीज देतच नाही, आणि पडद्यावर मात्र नेहमीचाच आकडा दिसतो.

त्यानंतर भार चालू असतानाच व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा : बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर. दोन्हींतील फरक पाव व्होल्टच्या आत असेल तर ठीक. बॅटरीवर २६.० आणि इन्व्हर्टरवर २५.० दिसले, तर ६३ अँपिअरला ६३ वॅट तारांमध्ये किंवा सांध्यांमध्ये जळत आहेत. सांध्याला हात न लावता तापमापकाने तापमान पाहावे, यंत्रणा बंद करून तो सांधा साफ करून आवळावा आणि पुन्हा मोजावे. याउलट दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखाच खाली गेला असेल, तर तारा निर्दोष आहेत. बॅटरी थकलेली आहे किंवा या प्रवाहासाठी लहान आहे.

चाचणीत यंत्रणा बंद पडली, तर काय बंद पडले ते नेमके पाहावे. इन्व्हर्टरने जादा भाराची खूण दाखवली, तर शेगडीची पातळी उतरवावी. कमी व्होल्टेजची खूण दाखवली, तर दोष बॅटरीत किंवा सांध्यांत शोधावा. काहीच खूण न दाखवता सगळे एकदम अंधारले, तर बहुधा बीएमएसने बॅटरी तोडली आहे. आणि पंधरा-वीस मिनिटांनीच थांबत असेल तर पंख्याची जाळी, हवा खेळण्याची जागा आणि इन्व्हर्टरचे तापमान तपासावे.

दिवसाचा ताळेबंद आणि अपेक्षा

साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळणाऱ्या दिवशी आपली पॅनेल, पाऊण गुणक धरून, पावणेसात युनिट देतात. तिन्ही वेळचा स्वयंपाक आणि घरातील इतर भार मिळून, इन्व्हर्टरचा तोटा धरून, साडेपाच युनिट लागतात. कागदावर सव्वा युनिट उरते. पण वीज कधी लागते हे पाहिले की चित्र पालटते. संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचा दीड युनिट इतर भार आणि सकाळचा स्वयंपाक मिळून बॅटरीतून तीन युनिट जातात. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत अडीच युनिटे असतात आणि त्यातली दोनच वापरावीत. म्हणजे दिवसाची बेरीज जुळूनही ही बॅटरी पहाटे संपते.

त्यामुळे त्या बॅटरीवर ठेवायची योग्य अपेक्षा अशी : दुपारचा स्वयंपाक पूर्ण, संध्याकाळचा जड भाग ऊन उतरण्याआधी तीन-चारच्या सुमारास, रात्री फक्त गरम करणे आणि सकाळी एखादे लिटर पाणी उकळणे. दुपारी शिजवलेले अन्न रात्रीपर्यंत उघड्यावर न ठेवता थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे, हे येथे ओघानेच आले. तिन्ही वेळा शेगडीवरच करायचे असेल, तर बॅटरी दोनशे अँपिअर-तासांची हवी. पॅनेल वाढवून रात्रीचा प्रश्न सुटत नाही.

दाट ढगांच्या दिवशी उत्पादन पाव हिश्श्यावर, म्हणजे पावणेदोन युनिटांच्या आसपास येते, आणि त्यात घरातील इतर भारही भागत नाही. असे चार दिवस सलग आले तर कोणतीही परवडणारी बॅटरी पुरत नाही, म्हणून गॅस किंवा जे दुसरे इंधन घरात आहे ते काढून टाकू नये. रोजचा निर्णय सोपा ठेवता येतो : दुपारी अकराला बॅटरी साठ टक्क्यांच्या वर असेल आणि पॅनेल हजार वॅटच्या वर देत असतील तर शेगडी लावावी, दोहोंपैकी एकच अट पूर्ण होत असेल तर फक्त कुकर तिच्यावर ठेवावा, आणि एकही होत नसेल तर त्या दिवशी दुसरी चूल पेटवावी.